‘म्हणे’ला आधार काय?

प्रश्न: आमचा माहीमला वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी दोन तास कट्टा भरतो. पंधरा-वीस माणसं, विषय जुनी मुंबई. एक निवृत्त काका प्रत्येक साध्या वाक्याला ‘आधार काय?’ विचारतात. लोक बोलायचेच थांबलेत. काका हुशार आहेत, त्यांचा अपमान करायचा नाही, पण कट्टाही मोडायचा नाही. संचालन माझ्याकडे आहे. काय करू?

उत्तर: सुरुवात काकांपासून करू नका. त्यांनी ज्या वाक्यावर बोट ठेवलं, त्या वाक्यापासून करा. दोन तासांच्या कट्ट्यावर शेकडो वाक्यं बोलली जातात आणि त्यातली बरीचशी माहिती म्हणून बोललेलीच नसतात. ‘आमच्या लहानपणी शिवाजी पार्कला संध्याकाळी किती शांत वाटायचं’ ही आठवण आहे. तिचा आधार बोलणारा स्वतः, आणि तो तुमच्यासमोर बसलेला आहे. अशा वाक्याला पुरावा मागणं म्हणजे चहा गोड झालाय म्हणणाऱ्याकडे साखरेचं बिल मागणं. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, “काका, ही यांची आठवण आहे, ती यांच्याच नावावर राहू दे,” आणि बोलणाऱ्याकडे वळून “मग पुढे?” विचारायचं. ‘मग पुढे’ विसरू नका. तो न विचारल्यामुळे बोलणारा तिथेच गप्प होतो आणि त्याचं खापर काकांवर फुटतं.

दुसऱ्या प्रकारची वाक्यं म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली, किंवा गणपतीत लालबाग-परळला रात्रभर माणसं असतात. इथे काकांना सांगायला एक चांगला दाखला आहे, निवृत्त माणसांना तो विशेष पटतो. पुराव्याच्या बाबतीत सगळ्यात कडक जागा म्हणजे न्यायालय, आणि तिथेसुद्धा प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागत नाहीत. १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम ५६ म्हणायचं की न्यायालय ज्या गोष्टींची आपणहून दखल घेतं त्या सिद्ध कराव्या लागत नाहीत. कलम ५७मध्ये अशा गोष्टींची यादीच होती. तीत काळाचे विभाग, जगाचे भौगोलिक विभाग, राजपत्रात जाहीर झालेले सण आणि सुट्ट्या, इतकंच काय रस्त्यावर कुठल्या बाजूने चालायचं हा नियमसुद्धा होता. कलम ५८ सांगायचं की दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट सिद्ध करत बसायची नाही. १ जुलै २०२४पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण ही तत्त्वं तशीच ठेवली आहेत. कट्ट्याला न्यायालयापेक्षा कडक व्हायचं कारण नाही.

तिसरी वाक्यं मात्र खरोखर आधार मागणारी असतात. ती ओळखायची खूण सोपी आहे: वाक्यात आकडा असतो, किंवा ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सगळ्यात मोठा’ यातलं काहीतरी असतं, किंवा कोणाला तरी दोष दिलेला असतो. ‘डबेवाले वेळेत डबा पोहोचवतात’ याला कोणी आधार मागू नये. ‘डबेवाल्यांची साठ लाखांत एक चूक होते’ याला ‘हे कोणी मोजलं आणि कसं?’ असं विचारणं रास्तच आहे, ते मग कितीही सहज बोललेलं असो. अमुक काढ्याने साखर उतरते, अमुक पतपेढीत पैसे बुडत नाहीत, ही वाक्यंही याच खणातली. ऐकणारा माणूस घरी जाऊन त्यावर वागणार असतो. अशा वेळी काका एकटे पडले तरी तुम्ही त्यांच्या बाजूने उभं राहायचं.

आता ‘म्हणे’बद्दल. मराठीत आधाराची पातळी सांगायची सोय भाषेतच आहे आणि आपण ती वापरत नाही. ‘वडापाव १९६६मध्ये दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी सुरू केला’ असं म्हटलं की तो दावा झाला. ‘वडापाव अशोक वैद्यांनी सुरू केला म्हणे’ असं म्हटलं की बोलणाऱ्याने आधीच सांगून टाकलं, हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. मग उरतो एकच प्रश्न, ‘कोण म्हणे?’, आणि तो भांडणाचा नसून गप्पांचा आहे. ‘माझ्या आठवणीप्रमाणे’, ‘बहुधा’, ‘असं वाचलंय कुठेतरी’ हे सगळे त्याच घराण्यातले शब्द. कट्ट्यावरच्या लोकांना एवढी एक सवय लावलीत तरी काकांच्या प्रश्नांना खाद्य कमी पडतं. त्यासाठी भाषण देऊ नका. कोणी ठाम वाक्य टाकलं आणि काका सरसावून बसले की तुम्हीच हसत विचारा, “हे ‘आहे’ की ‘आहे म्हणे’?” दोन-तीन रविवारांत लोक आपणहून म्हणायला लागतात.

पण ‘म्हणे’ला एक पळवाट आहे, ती बंद ठेवा. ‘सोसायटीच्या सेक्रेटरीने बिल्डरकडून पैसे खाल्ले म्हणे’ या वाक्याला ‘म्हणे’ वाचवत नाही. ज्याच्यावर आळ आला तो तिथे हजर नाही आणि बाहेर जाताना ‘म्हणे’ गळून पडतं, पैसे तेवढे राहतात. आठवणीला आणि कौतुकाला ‘म्हणे’ चालतं, आरोपाला चालत नाही. लोकांनाही हा फरक लगेच कळतो.

प्रत्यक्षात कसं करायचं ते एका उदाहरणावर बघू. समजा पावसाळ्यातला रविवार आहे, बाहेर भुरभुर चालू आहे आणि एक बाई म्हणतात, “हा काय पाऊस! २६ जुलैला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. भारतात एवढा कुठे कधी पडलेला नाही.”

काका: “आधार काय?”

इथे नव्वद टक्के वेळा काय होतं, तर चारजण एकदम उसळतात, “अहो काका, आम्ही होतो ना त्या दिवशी!” (हे नव्वद टक्के माझे ‘म्हणे’वाले आहेत.) त्यांचं उसळणं समजण्यासारखं आहे. कमरेएवढ्या पाण्यातून अंधेरीहून बोरिवलीपर्यंत चालत गेलेल्या माणसाला पुरावा मागितला की तो चिडणारच. पण पाण्यातून चालताना मिलिमीटर कोणी मोजले नव्हते. ‘आम्ही होतो’ हा पुराचा पुरावा आहे, आकड्याचा नाही. दोन्ही गोष्टी एकात मिसळल्या की बाईंना वाटतं आपल्याला खोटं ठरवतायत आणि काकांना वाटतं आपल्याला गप्प बसवतायत.

तुम्ही एक प्रश्न विचारायचा: “काका, यातलं नेमकं काय खटकलं? आकडा, जागा, की ‘कुठे कधी नाही’?”

या प्रश्नात सगळं आहे. ‘आधार काय?’ हे दोन शब्द विचारायला फुकट आहेत आणि उत्तर द्यायला महाग. खटकलं काय ते सांगायचं म्हटलं की विचारणाऱ्यालाही थोडा खर्च येतो. ज्याला खरोखर काही खटकलंय तो लगेच सांगतो. ज्याला नुसती सवय आहे तो थबकतो, आणि बऱ्याचदा स्वतःच हसून “राहू दे” म्हणतो.

समजा काका म्हणाले, “तिन्ही.” मग तिन्हीचे तुकडे वेगवेगळे घ्या आणि आधी बाईंचं जे बरोबर आहे ते सांगा. हा क्रम चुकवू नका. आकडा बरोबर आहे: भारतीय हवामान विभागाच्या सांताक्रूझ वेधशाळेत २७ जुलै २००५च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत ९४४.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मग जागा. ‘मुंबईत’ हा शब्द जरा सैल आहे, कारण त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद झाली ७३.४ मिलिमीटरची, म्हणजे जुलैतला एक साधा पावसाळी दिवस. ‘आमच्याकडे गिरगावात त्या दिवशी काही विशेष नव्हतं’ असं सांगणारा कोणी कट्ट्यावर असेल आणि इतकी वर्षं लोक त्याला वेड्यात काढत असतील, तर त्याचाही न्याय इथे होतो. शेवटी तिसरा तुकडा, आणि तो मात्र चूक आहे. चेरापुंजीत १६ जून १९९५ला एका दिवसात १५६३ मिलिमीटर पडलेला आहे. कुलाब्याचा स्वतःचा मोठा आकडा हवा असेल तर तो ५ जुलै १९७४चा, ५७५.६ मिलिमीटर.

मग बाईंचं वाक्य त्यांच्याच तोंडून दुरुस्त होऊ द्या: “२६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता.” वाक्य लहान झालं आणि पक्कं झालं. काकांना मोठ्याने श्रेय द्या, “जागा आणि ‘कुठे कधी नाही’, दोन्ही तुमच्यामुळे सुधारलं.” सगळ्याला तीनेक मिनिटं लागतात. बाई खोट्या ठरत नाहीत, काका खडूस ठरत नाहीत आणि दोन वेधशाळांची गोष्ट घेऊन पंधराजण घरी जातात.

या उदाहरणातून एक गोष्ट बाजूला काढून ठेवा. आधार मागितल्यावर बोलणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: आधार द्यायचा, वाक्य लहान करायचं, किंवा सोडून द्यायचं. मधली वाट लोकांना सुचतच नाही. त्यांना वाटतं एक तर सिद्ध करा नाहीतर हरा, म्हणून ते आवाज चढवतात. संचालकाने मधली वाट नेहमी मोठ्याने दाखवायची: “मुंबईतऐवजी सांताक्रूझ म्हणू या का?” किंवा “‘सगळ्यात जुनं’ऐवजी ‘खूप जुनं’ म्हटलं तर काका गप्प बसतील.” हे दुसरं वाक्य काकांकडे बघून, हसत म्हणायचं.

आकडा हाताशी नसेल तर? सगळ्यांनी मोबाइल काढू नयेत. पाचजणांनी शोधलं की पाच उत्तरं येतात, एकाला ९४४ दिसतं, दुसऱ्याला ९४४.२, तिसरा म्हणतो “इथे तर ३७ इंच लिहिलंय”, आणि तो तोच आकडा इंचांत आहे हे कळेपर्यंत दहा मिनिटं गेलेली असतात. एकाच माणसाने शोधायचं, एक मिनिट. मिळालं नाही तर वहीत.

वही म्हणजे साधी शंभरपानी. चार रकाने: वाक्य, कोण म्हणालं, नेमकं काय खटकलं, शोधणार कोण. प्रत्येक रविवारी तीनच नोंदी घ्यायच्या. जास्त घेतल्या की शोधायला कोणी उरत नाही आणि दोन महिन्यांत वही म्हणजे थकबाकीची यादी होते. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे. ज्याने दावा केला त्याच्यावर पहिलं ओझं, हे खरं, पण काकांच्या शंकांपैकी निदान एक दर आठवड्याला काकांनीच शोधायची. त्यांना वेळ आहे, चिकाटी आहे, आणि दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय हाकेच्या अंतरावर आहे. जुन्या मुंबईच्या बहुतेक शंकांना मुंबई शहर आणि बेटाच्या गॅझेटियरचे तीन खंड पहिला थांबा म्हणून पुरतात. १९०९-१०च्या सुमाराचे आहेत, त्यामुळे त्यानंतरच्या गोष्टींना ते चालणार नाहीत आणि इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेने लिहिलेले आहेत, एवढं ध्यानात ठेवायचं. पुढच्या रविवारची पहिली दहा मिनिटं वहीला. शोधणाऱ्याने उभं राहून दोन मिनिटांत सांगायचं. स्वतः शोधायला लागल्यावर माणसाला कळतं की एका वाक्याचा आधार काढायला अख्खी दुपार जाते. काकांना हे कोणी समजावून सांगून पटणार नाही, दुपार गेल्यावर पटेल.

आधार दिल्यानंतर काका काय करतात, याकडे नीट लक्ष द्या. तिथेच माणूस कळतो. “बरं, हे ठाऊक नव्हतं” म्हणाले तर ते जिज्ञासू आहेत, त्यांचं काहीच करायचं नाही. न ऐकताच पुढच्या वाक्यावर उडी मारली तर ती सवय आहे, वहीने कमी होते. आणि “वेधशाळेच्या पर्जन्यमापकाचा तरी भरवसा काय?” असं म्हणाले, तर तुम्ही आपल्या जुन्या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनातल्या तर्कपंडितांच्या, ‘अनवस्थे’त शिरलात. आधाराला आधार, त्यालाही आधार, आणि तळ कुठेच नाही. त्यावर उपाय म्हणजे एका पायरीचा नियम. कट्टा एक पायरी उतरेल. दुसरी पायरी उतरायची असेल तर शंका घेणाऱ्याने कारण द्यायचं: ‘मापकावर शंका कारण अमुक.’ कारण दिलं तर नियम खुशाल मोडा. पहिली पायरी म्हणजे कोणीतरी पुढे ढकललेला मेसेज असेल तर दुसरी पायरी मागणं काकांचा हक्कच आहे, त्याला अनवस्था म्हणून टाळू नका.

कोणाचं सांगणं आधार म्हणून धरायचं यावरही न्यायशास्त्रात छान विचार आहे. ‘शब्द’ हे तिथे प्रमाण आहे, पण आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांवरचं वात्स्यायनाचं भाष्य तर सांगतं की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू. तुमच्या कट्ट्याला लावायचं तर, माहीमच्या कोळीवाड्यातला माणूस भरती-ओहोटीबद्दल किंवा जाळ्यात पूर्वी काय यायचं याबद्दल बोलत असेल तर तोच आधार आहे, त्याच्याकडे पुस्तक मागायचं नाही. तोच माणूस माहीमचा किल्ला कुठल्या साली बांधला हे सांगायला लागला तर मात्र तो तुमच्या-आमच्यासारखाच, ‘म्हणे’वाला.

‘वितंडवादी’ हा शब्द काकांबद्दल कट्ट्यावर वापरू नका, मनातही जपून वापरा. न्यायसूत्रांत वितंडेची व्याख्या नेमकी आहे: स्वतःचा पक्ष न मांडता फक्त समोरच्याचा खोडायचा. नुसता प्रश्न विचारणं म्हणजे वितंडा नव्हे. ओळखायचं असेल तर विचारा, “काका, तुमच्या मते काय असेल?” ज्याला जाणून घ्यायचंय तो म्हणतो, “मला वाटतं आकडा फुगवलेला आहे, कारण कुलाब्याला एवढा नव्हता.” वितंडा घालणारा म्हणतो, “मला काहीच वाटत नाही, तुम्ही सिद्ध करा.” असं सलग तीन-चार वेळा झालं तर गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

त्याआधी एक जरा खोडकर सूचना. ‘काका प्रत्येक वाक्याला आधार मागतात’ हे तुमचंच वाक्य आहे आणि त्यात ‘प्रत्येक’ आहे. आधार काय? तीन रविवार गुपचूप मोजा. वहीच्या मागच्या पानावर काकांचा प्रश्न आला की एक रेघ, आणि रेघेशेजारी एक अक्षर: आठवणीला विचारला तर ‘आ’, ठाऊक गोष्टीला विचारला तर ‘ठा’, दाव्याला विचारला तर ‘दा’. कोणाला विचारला त्याचं आद्याक्षरही. समजा तीन रविवारांत मिळून अठरा रेघा झाल्या आणि त्यातल्या बारा ‘दा’ निघाल्या, तर तुमचा प्रश्न काकांचा नाहीच. कट्ट्यावर आकडे फार सैल फेकले जातायत आणि काका एकटेच ते सांगतायत. बहुतेक ‘आ’ निघाल्या, तर काकांना आठवण आणि दावा यातला फरक समजावायचा आहे. आणि अठरातल्या चौदा एकाच बाईंच्या वाट्याला आल्या, तर हे आधाराचं प्रकरणच नव्हे. ते जुनं काहीतरी आहे, आणि ते वहीने सुटणार नाही. दोघांना वेगवेगळं विचारावं लागेल. मोजायचं एवढ्यासाठी की ज्याचा राग आलेला असतो त्याचे दोन प्रश्नही कानाला वीस वाटतात.

नियम सगळ्यांसमोर सांगायचा असेल तर तो कोणाचंही नाव न घेता, कट्ट्याच्या सुरुवातीला, आणि दोन्ही बाजूंना ओझं टाकणारा असावा. मी असा सांगेन: “आठवण सांगताना आधार लागणार नाही. आकडा, ‘पहिला’, ‘सगळ्यात’ किंवा कोणाला दोष असेल तर आधार सांगायचा किंवा ‘म्हणे’ म्हणायचं. दोष असेल तर ‘म्हणे’ चालणार नाही. ज्याला शंका आहे त्याने काय खटकलं ते सांगायचं. तीन शंका वहीत, बाकीच्या चहाला.” एवढंच. काकांचं वाक्यही याच मापाने मोजायचं. काका म्हणाले “गिरण्या संपामुळेच बंद पडल्या” तर तुम्हीच हळूच विचारा, “काका, ‘मुळेच’?” १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला ही ठाऊक गोष्ट, पण तो ‘च’ मोठा दावा आहे. हे टोमण्यासारखं विचारायचं नाही, इतरांना विचारता त्याच सुरात विचारायचं. काकांनाही नियम लागतो हे लोकांनी एकदा पाहिलं की अर्धा राग तिथेच उतरतो.

हलकं ठेवायचं म्हणजे विनोद करायचा, पण कोणावर हे ठरलेलं पाहिजे. स्वतःवर चालतो, वाक्यावर चालतो, वहीवर चालतो. काकांवर चालत नाही, त्यांच्या नोकरीवर, वयावर तर नाहीच. आणि ‘आधारकाका’ किंवा ‘आधार कार्ड’ असलं टोपणनाव पडू देऊ नका. ते पडणारच, मुंबईत आहात, पण ते तुमच्या तोंडून कधी यायला नको. टोपणनाव पडलं की काका जेव्हा खरोखर बरोबर असतात, उदाहरणार्थ त्या काढ्याच्या वेळी, तेव्हाही लोक हसतात आणि कोणीतरी गोळ्या बंद करून काढा सुरू करतो. माणसाला हसण्यावारी नेण्याची खरी किंमत ही आहे. तसंच “गूगल करा ना” हे उत्तर कोणाला देऊ देऊ नका. ते हलकं वाटतं, पण ज्याने दावा केला त्याने आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारलेलं असतं, आणि काका ते बरोबर ओळखतात.

आणखी एक चूक चांगले संचालकही करतात. वातावरण तापू नये म्हणून ते स्वतःच घाईघाईने आधार पुरवतात, आणि दबावाखाली माणूस “कुठेतरी लोकसत्तात आलं होतं” असं काहीतरी ठोकून देतो. काकांनी पुढच्या रविवारी ते तपासून आणलं आणि निघालं नाही, तर गेलेली पत परत मिळायला महिने लागतात. “आत्ता माझ्याकडे आधार नाही, वहीत लिहू” हे वाक्य रोज तोंडात बसलेलं असावं. संचालक ते बिनदिक्कत म्हणतो हे पाहिलं की इतरांनाही त्यात कमीपणा वाटेनासा होतो.

हे सगळं करून चार-पाच रविवारांनंतरही ‘मला काहीच वाटत नाही, तुम्ही सिद्ध करा’ चालूच असेल, तर मग एकट्यात बोला. कट्टा संपल्यावर लगेच नको, तेव्हा दोघेही तापलेले असता. मधल्या दिवशी, सकाळी, समुद्राकडे चक्कर मारताना. आधी उपयोग सांगा आणि तो नेमका सांगा: “सांताक्रूझ-कुलाब्याची गोष्ट तुमच्यामुळे निघाली.” मग परिणाम सांगा, आरोप नको: “मागच्या तीन रविवारांत दोघीजणी बोलता बोलता थांबल्या, आणि दोन्ही वेळा विषय त्यांच्या घरातल्या आठवणीचा होता.” मग मागणं एकच ठेवा: “आठवणीला तेवढं विचारू नका. दाव्याला विचारा, मी तुमच्या बाजूने असेन.” ‘जरा कमी विचारत जा’ असं मोघम सांगू नका. कमी म्हणजे किती, याला आधार काय, हे तुम्हाला तिथल्या तिथे ऐकायला मिळेल.

त्यानंतरही कट्ट्यावर तिसऱ्यांदा आठवणीवर प्रश्न आला, तर समजावत बसायचं नाही. “वहीत,” म्हणायचं आणि बोलणाऱ्याकडे वळायचं. वही काकांनीच लिहायला घेतली तर उत्तम, अक्षर बहुधा सुरेख असतं. फक्त ती घरी देऊ नका. वाचनालयाच्या कपाटात ठेवा, नाहीतर पुढच्या रविवारी तीनच्या तीस नोंदी होऊन येतील.